कट लॉग, आठवडा ११: ९० ची पाचवी रेप आणि दाण्याचं कूट

काल संध्याकाळी बेंचवर ९० ची पाचवी रेप वर गेली. मध्यावर दोन सेकंद अडकली, स्पॉटरचे हात पुढे आले, पण बारला त्याचा हात लागला नाही. आठव्या आठवड्यात मी याच ठिकाणी ८५ च्या तीन रेप मारून बार रॅकवर आपटला होता आणि त्यानंतर इथे काही लिहायचं धाडस झालं नव्हतं. आता लिहितो, कारण घोळ कुठे झाला ते कळलंय.

मागचं थोडक्यात. वजन ८१.४ वर कट सुरू केला. मेंटेनन्स साधारण २५०० कॅलरी, रोजचं खाणं २०५०. पहिल्या चार आठवड्यांत आठवड्याची सरासरी ७९.६ वर आली, बेंबीपाशी कंबर ९३.५ वरून ९१.५ झाली. डेड १४० च्या पाच, बेंच ९० च्या पाच, दोन्ही जागच्या जागी. इतका निवांत कट मी आजवर केला नव्हता.

मग श्रावण लागला आणि आठवडा पाच-सहामध्ये काटा हलेना. ७९.६ वरून ७९.४, पुढे काही नाही. खाणं तेच, व्यायाम तोच. सहाव्या आठवड्याच्या रविवारी कृष्णेच्या घाटावर चालताना डोक्यात आलं की शरीरानं मेंटेनन्सच खाली आणलाय, आता जोर लावायलाच हवा. सोमवारपासून थेट १३०० वर उतरलो. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी तेव्हाच ‘थांब’ म्हणून लिहिलं होतं. मी थांबलो नाही.

दहा दिवसांत ७६.७. म्हणजे २.७ किलो! तिसऱ्या दिवशी मला वाटलं, हेच आधी करायला हवं होतं. सातव्या दिवसापासून पहाटे तीनला जाग यायला लागली. नवव्या दिवशी डेडला १४० दोनदा उठलं, तिसऱ्याला जमिनीवरून हललंच नाही. बेंचचं वर सांगितलंच आहे.

मी लहानपणी ज्या तालमीत जायचो तिथले वस्ताद त्या आठवड्यात भाजी मंडईत भेटले. गालफडं बघून म्हणाले, “वजन उतरलं का रं ताकद उतरली?” मी म्हटलं, वस्ताद, चरबी चाललीय. ते म्हणाले, “चरबी अशी गडबडीनं जात न्हाई बाळा. गडबडीनं जातंय ते पाणी.” पैलवान वजनाच्या आदल्या दिवशी उतरवतात ते पाणीच असतं आणि वजन दिल्यावर ते भरूनही घेतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. माझ्या बाबतीत प्रश्न एवढाच होता की पाण्याच्या आत आणखी काय गेलं.

हे शोधायला मी हिशोब मांडला. रोजची तूट १२००, दहा दिवसांची १२०००. एक किलो चरबीला ७७०० कॅलरी धरल्या तर यातून फार तर १.५६ किलो चरबी जाऊ शकते. काट्यावर गेले २.७. उरलेले १.१ किलो कुठले? त्यात आतड्यातला माल कमी झालेला असतो. स्नायूतला साठवणीचा ग्लुकोज, म्हणजे ग्लायकोजेन, उतरलेला असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. पण एक वाईट शक्यताही त्यातच दडलेली आहे. चरबीत ऊर्जा ठासून भरलेली असते, स्नायू मात्र तीन चतुर्थांश पाणी. एक किलो स्नायू मोडला तर शरीराच्या हाती दोन हजारही कॅलरी लागत नाहीत. म्हणजे तीच तूट स्नायूतून भरली गेली तर काटा चौपट वेगानं खाली येतो. क्रॅश डाएटमध्ये काटा इतका खूश का करतो याचं अर्धं उत्तर इथे आहे, आणि ‘पंधरा दिवसांत पाच किलो’चे बोर्ड बघताना मला आता तेच आठवतं.

स्नायू मोडायची वेळ मुळात का यावी, अंगावर चरबी असताना? तर चरबीच्या कोठाराला दार आहे, आणि दार अरुंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटात माणसांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला होता. त्याचे आकडे वापरून २००५ मध्ये एक अंदाज मांडला गेला की अंगावरची एक किलो चरबी दिवसाला फार तर ६९ कॅलरी देऊ शकते. हा कागदावरचा अंदाज आहे, पुढे तो आणखी खालीही आणला गेला, त्यामुळे त्याला कमाल मर्यादा समजायचं, परवाना नाही. तरी लावून बघा. कंबरेच्या मापावरून माझी चरबी साधारण २० टक्के, म्हणजे १६ किलो. १६ गुणिले ६९, जेमतेम ११००. माझी तूट होती १२००. कमाल मर्यादेच्याही पलीकडे जाऊन बसलो होतो, आणि वरचं कुठून तरी यायलाच हवं होतं. त्यात खाणं घटलं की स्नायूंची रोजची डागडुजीही मंदावते. मोडतोड तशीच चालू आणि गवंडी रजेवर.

हेच गणित पुढे नेलं तर आणखी एक गोष्ट दिसते. चरबी १२ किलोवर आली की मर्यादा ८३० वर येते. म्हणजे जसजसा कट पुढे सरकतो तसतशी तूट लहान करायला हवी, आणि आपण सगळे नेमकं उलटं करतो: शेवटी शेवटी चिडून मोठी करतो.

आता कसोटी. ताकद उतरली ती ग्लायकोजेन रिकामं झाल्यामुळे की स्नायू गेल्यामुळे, हे जिममध्ये बसून कसं ओळखायचं? मी चार दिवस पूर्ण मेंटेनन्सवर खाल्लं, वाढवलेलं बहुतेक भात आणि भाकरी. वजन ७८.१ झालं. डेड १४० च्या चार लगेच आल्या, पुढच्या आठवड्यात पाचवी. ही ताकद गेलीच नव्हती, टाकी रिकामी होती. पण बेंच चार दिवसांनी ९० च्या तीनवरच, आणि पाचवी यायला तीन आठवडे लागले. टाकी भरायला तीन आठवडे लागत नाहीत. छातीखांद्यातलं थोडं खरंच गेलं असावं असा माझा संशय आहे. काट्यानं किंवा टेपनं ते सिद्ध करता येणार नाही.

जाता जाता त्या पायाला करंट देणाऱ्या वजनकाट्याबद्दल. मागच्या लॉगमध्ये मी त्याचं कौतुक केलं होतं, ते परत घेतो. त्याच्या मते दहा दिवसांत माझे २.१ किलो स्नायू गेले आणि पुढच्या चार दिवसांत १.८ किलो परत आले. चार दिवसांत १.८ किलो स्नायू घालायचं खाणं सापडलं असतं तर मी गणपती पेठेत दुकान टाकलं असतं. तो बिचारा अंगातलं पाणी मोजतो आणि त्याला स्नायू म्हणतो. आता त्याच्यावर फक्त वजन बघतो, बाकी टेप आणि लॉगबुक.

आणि मुळात काटा अडकला का होता? शरीरानं काही केलेलं नव्हतं. श्रावणात घरात चिकन आणि अंडी बंद, त्यामुळे दोन्ही वेळेला मटकीची उसळ. आई वाढायच्या आधी त्यावर ‘चमचाभर’ दाण्याचं कूट घालते. मी डायरीत चमचा म्हणजे पाच ग्रॅम लिहीत होतो. परवा तो चमचा धान्य मोजायच्या काट्यावर ठेवला: २२ ग्रॅम. म्हणजे १२५ कॅलरी, दोन वेळचे २५०. त्यातले ५५-६० मी धरले होते. साडेचारशेची तूट अडीचशेवर आली होती आणि त्याच काळात नवीन स्क्वॉट प्रोग्रॅममुळे पाय भरून आले होते, त्याचं पाणी वर. दोन आठवड्यांत जेमतेम जी अर्धा किलो चरबी गेली असेल ती त्या पाण्याखाली लपली. उपाय चमचा मोजण्याचा होता, मी ताट अर्धं केलं.

श्रावणानं आणखी एक नुकसान केलं. क्रॅशच्या दहा दिवसांत प्रोटीन रोज ८० ग्रॅमच्या आसपास होतं, किलोमागे एकच ग्रॅम. त्यामुळे दोष तुटीचा किती आणि प्रोटीनचा किती, हे मी सांगू शकत नाही. हे टाळता येतं का, तर येतं. कॅनडातला २०१६ चा अभ्यास बऱ्याच जणांना माहीत असेल: जादा वजनाच्या तरुणांचं खाणं गरजेपेक्षा ४० टक्के कमी, चार आठवडे आठवड्याला सहा दिवस कडक व्यायाम, आणि किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन घेणाऱ्या गटाचं चरबीविरहित वजन उलट १.२ किलोनं वाढलं. पण अंगावर भरपूर चरबी, शरीराला व्यायाम नवा, आणि फक्त चार आठवडे. आपल्यापैकी जे पाच वर्षं बार उचलतायत त्यांना जवळचा वाटतो तो नॉर्वेचा, २०११ चा. चोवीस चांगले खेळाडू, सगळ्यांना वेट ट्रेनिंग. एका गटानं आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के उतरवायचं, दुसऱ्यानं १.४. दोघांचं एकूण वजन जवळपास सारखंच उतरलं, पण सावकाश गटाचं चरबीविरहित वजन २.१ टक्क्यांनी वाढलं आणि घाईवाल्यांचं जागचं हललं नाही. नीट वाचा: घाईवाल्यांचे स्नायू वितळले नाहीत, फक्त वाढायचे ते वाढले नाहीत. इतकं तरी त्यांच्या बाजूनं बोलायला हवं.

सध्या २१०० वर आहे, प्रोटीन १४०. गणपतीतले मोदक वजन करून खाल्ले, हसू नका. तीन आठवड्यांत सरासरी ७७.१, कंबर ९०. दसऱ्यापर्यंत ७४ चा हट्ट होता, तो हे लिहिता लिहिताच सोडतोय, कारण या वेगानं दसऱ्याला ७६ होईल. तिथे दोन आठवडे मेंटेनन्स, मग तूट ४०० ऐवजी ३००. आणि व्हेचा नवीन डबा संपला की परत जुना आणणार. या नव्या डब्यात तळाशी गुठळ्या आहेत आणि चमच्यावर जितके ग्रॅम छापलेत तितके काट्यावर भरत नाहीत. हा चमचा तपासायची अक्कल मला त्या दुसऱ्या चमच्यानं आली.

आईनं कुटाच्या डब्यात आता सात ग्रॅमचं माप टाकून ठेवलंय. मात्र ते थालीपिठाला लागू नाही, असं तिनं आधीच सांगितलंय.