दत्तू, दत्तात्रय आणि चारचा झालेला आठ

2012 साली पुण्यात एका जुन्या वाड्यातल्या खोलीत मी आणि माझी वहिनी अशा दोघांनी कागदपत्रांच्या भाषांतराचं काम सुरू केलं. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, खरेदीखत, सगळं मराठीतून इंग्रजीत. गिऱ्हाईक म्हणजे परदेशी शिकायला निघालेली मुलं आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाईत असलेले त्यांचे आईवडील. आज आम्ही सहा जण आहोत. या वर्षांत आम्ही सगळ्यात जास्त काय सुधारलं असं कुणी विचारलं, तर मी इंग्रजी म्हणणार नाही. कागद एकमेकांशी जुळत नसले की गिऱ्हाइकाला जो ईमेल जातो, तो सुधारला.

पहिला फटका दुसऱ्याच वर्षी बसला. एका मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव ‘दत्तू’ होतं, बाकी सगळीकडे ‘दत्तात्रय’. मला वाटलं, माणूस एकच, मुलाचं काम व्हावं. मी भाषांतरात सरळ Dattatray लिहिलं. तिकडच्या विद्यापीठात मराठी वाचणारं कुणीतरी निघालं. मुळात एक नाव आणि भाषांतरात दुसरं, म्हणून कागद परत आला. मुलाचे तीन आठवडे गेले. वहिनी एवढंच म्हणाली, “भावजी, आपल्याला नावं ठेवायचा अधिकार नाही.” दोन्ही अर्थांनी खरं होतं ते.

मग आम्ही विचारायला लागलो, पण फोनवर. फोनवर स्पेलिंग विचारणं म्हणजे काय, ते केलेल्यालाच ठाऊक. ‘वाघ’मधला व W की V, ‘ज्ञानेश्वर’ D पासून की G पासून, शेवटी a आहे की नाही. समोरचा म्हणतो, “हो हो, तेच.” त्यामुळे ईमेल सुरू केला. पहिले ईमेल असे असायचे: ‘वडिलांच्या नावाचे स्पेलिंग Dattatray आहे की Dattatraya? तसेच जमिनीची रक्कम बरोबर आहे का? कृपया कन्फर्म करावे.’ उत्तर यायचं: ‘यस, करेक्ट.’ काय करेक्ट, ते त्यांनाही माहीत नसायचं. चूक त्यांची नव्हती. दोन प्रश्न एका दमात विचारले आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणायची सोय करून ठेवली, तर माणूस ‘हो’च म्हणणार.

आता ईमेल कसा जातो, ते गेल्या वर्षीच्या एका प्रकरणातून सांगतो. नाव पुन्हा दत्तात्रयच घेतो, खरं वेगळं होतं. मुलीचा पासपोर्ट आणि कॉलेजचा दाखला, वडिलांच्या नावावरच्या शेतजमिनीचं हाताने लिहिलेलं खरेदीखत, त्याची सूची क्रमांक दोन म्हणजे नोंदणी कार्यालयातून मिळणारा त्या व्यवहाराचा उतारा, आणि सीएंनी इंग्रजीत दिलेला मालमत्तेचा दाखला, असे कागद होते. आमच्याकडून गेलेला ईमेल:

> विषय: उत्तर हवे – 1) वडिलांच्या नावाचे स्पेलिंग 2) जमिनीची रक्कम
>
> नमस्कार मॅडम,
> दोन ठिकाणी कागद जुळत नाहीत. त्या पानांचे फोटो सोबत आहेत, जागेवर लाल चौकट केली आहे.
>
> 1) आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव Dattatray आहे. कॉलेजच्या दाखल्यावर Dattatraya आहे. खरेदीखत मराठीत आहे, त्यामुळे त्याच्या भाषांतरात कोणते स्पेलिंग घालायचे ते आपण ठरवायचे आहे. हवे ते स्पेलिंग उत्तरात पूर्ण टाइप करावे. फक्त ‘हो’ लिहू नये.
>
> 2) खरेदीखताच्या पान 2 वर किंमत अंकांत ४,५०,००० आणि अक्षरी ‘चार लाख पन्नास हजार’ आहे. सूची दोनमध्ये मोबदला 4,50,000 आहे. सीएंच्या दाखल्यात याच जमिनीची खरेदी किंमत 8,50,000 आहे. खरेदीखतात जे आहे तेच आम्ही लिहू, ते बदलता येणार नाही. सीएंच्या दाखल्यातली रक्कम कशावरून घेतली, ते त्यांना विचारून कळवावे.
>
> बुधवारी दुपारी 12 पर्यंत उत्तर आले तर गुरुवारी कागद मिळतील. तोपर्यंत हे काम थांबवून ठेवतो.

यातली जी गोष्ट आम्हाला कळायला सर्वात जास्त वेळ लागला, ती म्हणजे हे दोन प्रश्न एका जातीचे नाहीत. मराठी ‘दत्तात्रय’ रोमन अक्षरांत कसं लिहायचं ही निवड आहे आणि ती गिऱ्हाइकाची. आमचा सल्ला नेहमी पासपोर्टप्रमाणे जाण्याचा असतो, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच्याशीच ताडला जातो. पण रक्कम ही कुणाची निवड नसते. मॅडमनी ‘आठच लिहा’ असं कळवलं असतं, तरी आम्ही चारच लिहिलं असतं. ‘दत्तू’ आणि ‘दत्तात्रय’चंही तसंच. ती दोन स्पेलिंगं नव्हेत, दोन नावं आहेत. तिथे आम्ही दोन्ही जसंच्या तसं लिहितो आणि सांगतो की दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, किंवा जन्माची नोंद जिथे आहे तिथल्या निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 मध्ये त्याची सोय आहे.

सूची दोनबद्दल एक सांगायलाच हवं. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव अशा दोन रकमा असतात आणि त्या बऱ्याचदा वेगळ्या असतात. मोबदला म्हणजे व्यवहारात ठरलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारी दरतक्त्याने निघणारी. मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त असेल तिच्यावर लागतं. आमच्याकडे नवीन आलेली एक मुलगी याच्यावरूनच गिऱ्हाइकांना ‘रक्कम जुळत नाही’ असे ईमेल पाठवायची आणि लोक घाबरून वकिलाकडे धावायचे. म्हणून आता शंका पाठवण्याआधी दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत ना, हे दुसऱ्या कुणीतरी बघायचं असा दंडक आहे.

आठ आला कुठून? मंगळवारी संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं. पहिल्या ओळीत Dattatray, नीट टाइप केलेलं. दुसऱ्या मुद्द्यावर लिहिलं होतं की सीएंच्या ऑफिसातल्या नव्या मुलाने खरेदीखताच्या फोटोवरून आकडा उतरवला होता आणि त्याने देवनागरी ‘४’चा 8 वाचला. हे आम्ही अनेकदा पाहिलंय. इंग्रजी आकड्यांची सवय झालेल्या डोळ्याला हाताने लिहिलेला ४ हा 8 दिसतो, १ हा 9 दिसतो आणि घाईत ७ हा 6 वाटतो. अशा वेळी अक्षरी रक्कम वाचली की उलगडा होतो. धनादेशावर अंक आणि अक्षर वेगळे पडले तर अक्षरी रक्कम धरायची, असं 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यातच आहे. पण खरेदीखतातच दोन्ही वेगळे असतील तर आम्ही त्यातलं एक निवडत नाही. दोन्ही लिहितो आणि चौकटी कंसात ‘मुळात असेच आहे’ अशी भाषांतरकाराची टीप देतो.

सीएंनी दाखला दुरुस्त करून बुधवारी सकाळी पाठवला, कागद गुरुवारी गेले.

आणखी एक सवय आम्ही मुद्दाम मोडली. पूर्वी ईमेलच्या शेवटी ‘उत्तर न आल्यास पासपोर्टप्रमाणे धरून पुढे जाऊ’ असं लिहायचो. काम अडू नये म्हणून सोयीचं होतं. एका काकांनी तो ईमेल उघडलाच नाही, आमच्याकडे दिलेला त्यांचा पासपोर्टही जुना होता आणि मधल्या काळात राजपत्रात नावबदल करून त्यांनी नवा काढला होता. सहा दाखले फुकट पुन्हा करून दिले. तेव्हापासून उत्तर नाही म्हणजे काम थांबलेलं. लोक चिडतात. “एवढ्याशा a साठी दोन दिवस?” असं परवाच एक गृहस्थ टेबलावर हात आपटून म्हणाले. वहिनीने त्यांच्यासमोर त्यांचाच पासपोर्ट आणि कॉलेजचा दाखला शेजारी शेजारी ठेवला आणि चहा सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मुलाला फोन लावला.