पाच रंग आणि आजोबांचा निर्गम उतारा

सोमवार, १० मार्च

आज प्रवेश पक्का झाल्याचा छापील कागद हातात आला. उसाच्या जमिनीवर पीएच.डी. करायला ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात येऊन आज १७ दिवस झाले. सगळं तिथल्या तिथे उभं राहून तपासलं. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, आईचं नाव बरोबर (इथे बापाच्या आधी आईचं नाव विचारतात, ते मला फार आवडतं). त्याच्या खाली एक ओळ होती, ‘कोर/रासा’, म्हणजे रंग किंवा वंश. आणि तिच्यासमोर छापलं होतं ‘इंदीजेना’. इथली मूळनिवासी, आदिवासी.

चूक कशी झाली ते मला खोलीवर आल्यावर समजलं. प्रवेशाचा फॉर्म भरताना खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं आणि मी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये ‘इंडिया’ म्हणाले. पोर्तुगीजमध्ये ‘इंदिआ’ हे आपल्या देशाचं नाव, आणि अगदी तसाच उच्चारला जाणारा शब्द म्हणजे ब्राझीलची आदिवासी बाई. भारतातल्या बाईला म्हणायचं ‘इंदियाना’. कोलंबसाच्या काळातली गफलत माझ्या कागदावर येऊन बसली.

दुपारी परत गेले. बाईंनी माफी मागितली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, तुम्हीच निवडा. यादी छोटीच. ब्रांका म्हणजे गोरी. प्रेता म्हणजे काळी. मराठी कानाला तो शब्द ऐकून दचकायला होतं. पार्दा म्हणजे मिश्र रक्ताची, सावळी. आमारेला, पिवळी. इंदीजेना. आणि तळाशी ‘सांगू इच्छित नाही’.

मी पाचही शब्द दोनदा वाचले. यातली मी कुठली? शेवटच्या पर्यायावर बोट नेलं आणि मागे घेतलं, कारण ते खरं नव्हतं. मला तर सांगायचं होतं. मी पुरंदरची, माळ्याची पोर, मराठी बोलणारी, भारतातली. यातलं काहीच त्या यादीत लिहायची सोय नव्हती. उद्या-परवा येते म्हणाले आणि निघाले.

गुरुवार, १३ मार्च

आज मेसमध्ये भात आणि राजम्यासारखी उसळ घेऊन बसलो होतो, तेव्हा प्रयोगशाळेतल्या दोघींना विचारलं.

मी आधी माझा तर्क मांडला. भारत आशियात, म्हणून मी आमारेला टाकते. दोघींपैकी एक जपानी वंशाची आहे. तिने नकारार्थी मान हलवली. १९०८ साली पहिलं जपानी जहाज सांतोस बंदराला लागलं, कॉफीच्या मळ्यांवर मजूर हवे होते म्हणून. तिचे पणजोबा पुढे त्याच वाटेने आले. त्या लोकांना कुठल्या रकान्यात घालायचं, म्हणून १९४० च्या जनगणनेत ‘पिवळा’ हा रकाना आला. ‘तो खंडाचा रकाना नाही,’ ती म्हणाली, ‘तो आमच्या चेहऱ्याचा आहे.’ २०१० च्या जनगणनेत स्वतःला पिवळे म्हणवणारे २० लाखांवर गेले होते, पण त्यात जपान, चीन, कोरियाशी काही संबंध नसलेले कितीतरी होते. आपला फिकट, पिवळसर रंग बघून त्यांनी तसं सांगितलेलं. म्हणून २०२२ मध्ये कोणी ‘आमारेला’ म्हटलं की गणकाच्या यंत्रावर खुलासा यायचा: पिवळा म्हणजे जपानी, चिनी, कोरियन अशा मूळचा, तुम्ही तसेच का? आकडा साडेआठ लाखांवर आला. मी ‘पिवळी’ म्हटलं असतं तर मलाही तोच प्रश्न आला असता, आणि मला नाही म्हणावं लागलं असतं.

दुसरी मिनासची, म्हणजे शेजारच्या मिनास जेराइस राज्यातली. तिचा रंग आणि माझा रंग शेजारी ठेवला तर फरक सापडणार नाही. ती म्हणाली, ‘तू पार्दा टाक, सोपं आहे. रस्त्यावर सगळे तुला तशीच समजतात.’

इथले ४५ टक्के लोक स्वतःला पार्दा म्हणवतात, गोऱ्यांपेक्षाही थोडे जास्त. १९७६ साली सरकारने एका पाहणीत लोकांना यादी न देता आपापल्या शब्दांत रंग सांगायला लावला, तर १३० हून जास्त रंग निघाले. दालचिनीचा रंग, उन्हाने भाजलेला, दूध घातलेल्या कॉफीचा. तेव्हा मला वाटलं, इतक्या दालचिनीत माझा गहू सहज मावेल. टाकावं पार्दा आणि मोकळं व्हावं.

पण मिनासचीने जेवता जेवता स्वतःची गोष्ट सांगितली आणि माझा विचार अडला. तिला पदवीचा प्रवेश राखीव जागेतून मिळाला. केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी राखण्याचा कायदा २०१२ चा, आणि त्या जागांमध्ये काळे, पार्दा आणि आदिवासी यांचा वाटा त्या राज्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात. गोऱ्यांची मुलं ‘पार्दा’ लिहून घुसायला लागली, तेव्हा विद्यापीठांनी समित्या नेमल्या. ती अशाच समितीपुढे उभी राहिली. पाच माणसं समोर बसलेली, कॅमेरा चालू. तिने आजीचा फोटो नेला होता, चांगली काळी आजी. त्यांनी तो बघितला नाही. आजी काळी असली तरी चालत नाही, स्वतः तसं दिसावं लागतं. त्वचा, केस, नाक, ओठ. ‘दोन-तीन मिनिटं बघत होते,’ ती म्हणाली. ‘मी हात कुठे ठेवावे तेच मला समजेना.’

रविवार, १६ मार्च

ती पाच माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

बी.एस्सी. ॲग्रीच्या प्रवेशावेळी आप्पांनी माझ्या जातवैधतेसाठी किती हेलपाटे घातले ते मी पाहिलंय. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला हरवलेला. आप्पांनी सासवडहून गावच्या शाळेत आणि शाळेतून पुन्हा तालुक्याला, अशा सात-आठ चकरा मारल्या. शेवटी जुन्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांची ओळ सापडली, १९५४ सालची, ‘हिंदू माळी’, शाई उडालेली. त्या ओळीचा निर्गम उतारा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, चुलत्याचा दाखला असं सगळं जोडून प्रकरण पुण्याला गेलं. समितीतल्या कोणीही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. बघून उपयोगच काय? माळ्याची, मराठ्याची आणि ब्राह्मणाची पोर ओळीत उभी केली तर नुसत्या डोळ्यांना काय सांगता येणार आहे?

आमच्याकडे माणूस कोण ते आजोबाच्या कागदावरून ठरतं. इथे आजी समोर आणून उभी केली तरी तिच्याकडे बघत नाहीत, तुमचाच चेहरा बघतात. ओरासी नोगेरा नावाच्या इथल्या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ब्राझील आणि अमेरिका यांच्यात हाच फरक दाखवला होता: अमेरिकेत बोट ठेवतात ते मुळावर, ब्राझीलमध्ये खुणेवर, म्हणजे दिसण्यावर. मिनासचीने मला तो शुक्रवारी वाचायला दिला. वाचताना मला सारखं वाटत होतं, आपली जात त्या मुळाच्याही मुळाशी जाते.

काल एका दुकानात मी शाम्पू बघत होते. रखवालदार आधी दाराशी होता, मग माझ्या रांगेच्या टोकाला आला, मग पुढच्या रांगेलाही मागे मागे. बरोबर गोरी रूममेट होती, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला माझं पुरंदर ठाऊक नाही, माझा पासपोर्ट ठाऊक नाही. त्याच्या लेखी मी पार्दा. बाहेर आल्यावर माझे हात थरथरत होते. रात्री मिनासचीला सांगितलं तर म्हणाली, ‘आता कळलं? या रकान्यात आम्ही असेच येतो.’

मग मी त्यांच्यातली नाही का? दुकानात आहे. पण तिच्या पूर्वजांना साखळीने बांधून या किनाऱ्यावर उतरवलं होतं. १८७२ साली इथे पहिली जनगणना झाली तेव्हा सुमारे १५ लाख माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. पुढच्याच वर्षी, १८७३ ला, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांना मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. त्यांची खानवडी आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, ते पान मी लहानपणापासून पाहिलंय. पण त्या पानावरची शाई वाळत होती तेव्हा इथल्या उसात, जिथली माती मी पिशवीत भरून आणते, तिथे गुलामी चालूच होती, हे मला आज पहिल्यांदा उमगलं. ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीत जोतीरावांना लोकांनी ‘महात्मा’ म्हटलं. १३ मे १८८८ ला इथे गुलामी संपवणाऱ्या कायद्यावर सही झाली. मधे फक्त एक दिवस. मी कितीतरी वेळ त्या दोन तारखा वहीत एकाखाली एक लिहून बघत बसले.

बुधवार, १९ मार्च

आज खिडकीवर गेले आणि आधी एकच विचारलं: या रकान्याचं तुम्ही करता काय? बाईंनी सरळ सांगितलं. वर्षाच्या शेवटी विभागाचा अहवाल जातो, त्यात किती काळे आणि पार्दा विद्यार्थी आहेत तो आकडा असतो. कायद्यात दोघांना मिळून ‘नेग्रो’ म्हणतात. आमच्या विभागात पीएच.डी.चे ३८ जण, त्यात असे सध्या ५.

म्हणजे मी पार्दा टाकलं असतं तर ५ चे ६ झाले असते. अहवाल वाचणाऱ्याला वाटलं असतं, चला, एक वाढला. आणि मिनासचीसारखी, सरकारी शाळेतून आलेली एकही मुलगी आत आलेली नसती. मोठ्या देशाच्या मोठ्या आकड्यात मी हरवून गेले असते, पण ३८ मध्ये एक खूप मोठा असतो. आमच्याकडे कोणी खोटा दाखला काढून जागा घेतली की आप्पा दोन दिवस अस्वस्थ असायचे. मी जागा घेत नव्हते, नुसती मोजली जाणार होते, तरी मन धजेना.

‘सांगू इच्छित नाही’ निवडलं. मग बाईंना म्हटलं, हे माझ्यासाठी खरं नाही, खाली काही लिहिता येईल का? त्यांनी शेरा लिहायची चौकट उघडून कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी ‘इंदियाना, भारतात जन्म’ असं टाइप केलं. बाई म्हणाल्या, हे अहवालात जात नाही, फक्त तुमच्या फाईलमध्ये राहतं. राहू दे म्हटलं.

दुकानातल्या रखवालदाराला उत्तर कोणत्या रकान्यात द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही. मिनासची म्हणते, तिथे मी तिच्या बाजूला उभी आहे, फॉर्मवर काहीही असो. मला ते पटतं, आणि तरी फॉर्मवरचं बदलावंसं वाटत नाही.

रात्री ९ ला घरी फोन लावला, तिकडे पहाटेचे साडेपाच. आप्पा अंजिरं तोडून पाट्या भरत होते. त्यांना सगळं सांगितलं, पाच रंग, समितीची पाच माणसं, आजीचा फोटो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘फोटो बघितलाच नाही म्हणतेस?’

‘नाही, आप्पा.’

‘म्हातारीला काय वाटलं असेल.’

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. आजोबांचा निर्गम उतारा, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढता घेतलेला, त्यामुळे अर्ध्या कागदावर बल्बचा उजेड चमकतोय. खाली आप्पांनी लिहिलंय, ‘तिकडे लागणार नाही माहीत आहे. तरी जवळ असू दे.’