तुम्ही विचारलंत म्हणून: मोडीचा फोटो आणि माझे प्रश्न

"अहो, फोटो पाठवलाय, 'वाचा' म्हणून लिहिलंय, मग सरळ वाचून सांगायचं सोडून तुम्ही आधी एवढे प्रश्न का विचारता?"

कारण मोडी वाचताना अर्धं काम डोळे करतात आणि अर्धं काम आधीच माहीत असलेल्या गोष्टी करतात. फोटो धूसर असला की डोळ्यांचा वाटा अजून कमी होतो, मग उरलेलं कुठून तरी आणावंच लागतं ना.

मोडी लिहिणारा आधी आख्खी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं ओवत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ हा प्रकार नाही, पूर्णविरामाचं तर नावच नको. एका अक्षराचा शेवट कुठे आणि पुढच्याची सुरुवात कुठे हे बारीक गाठींवरून नि वळणांवरून कळतं, आणि धूसर फोटोत सगळ्यात आधी त्याच गाठी भरून जातात.

म्हणून मी पहिल्यांदा बघते की फोटो कसा बिघडलाय. शिरोरेघ लख्ख दिसतेय आणि उभे दांडे मात्र पुसल्यासारखे पसरलेत, तर हात आडवा हललाय, परत फोटो काढला की काम होतं. सगळंच सारखं मऊ मऊ दिसत असेल तर फोकस चुकलाय किंवा तो फोटो चार ग्रुप फिरून आलाय आणि सेव्ह करून परत पाठवताना दर वेळी थोडा झिजलाय. पण कागदाचे धागे नीट दिसतायत आणि फक्त अक्षरं फिकी आहेत, तर दोष शाईचा आहे, तिथे नवा फोन घेऊन पण फरक पडत नाही, खिडकीजवळ बाजूने उजेड घेऊन बघावं लागतं. मागच्या बाजूची अक्षरं पुढून दिसत असतील तर कागदाखाली काळा कागद ठेवायचा, मागचं बरंच दबतं. आणि ते स्कॅनर अ‍ॅपचं काळं-पांढरं फिल्टर कृपा करून लावू नका, ते फिकी वळणं डाग समजून उडवून टाकतं.

आता प्रश्नांकडे येते, एका कागदाचंच सांगते. एका गृहस्थांनी स्टँपपेपरवरच्या लिखाणाचा फोटो पाठवला, खाली फक्त "वाचा हे". मधे आडवी घडी, उजवा कोपरा अंधारात. मी विचारलं, गाव कुठलं, तालुका कुठला, घरातली जुन्या पिढीची नावं काय. त्यांना वाटलं मी चौकशा करतेय. पण अशा खतात "मौजे अमुक, तालुके तमुक, जिल्हे ढमुक" हे असतंच, आणि गावाचं नाव मला आधीच ठाऊक असेल तर ते फोटोत सापडलं की त्या कारकुनाची पाच-सहा अक्षरं माझ्या हातात येतात, त्याचा 'र' कसा, 'व' कसा, काना कुठे जोडतो ते. मग तीच अक्षरं घेऊन बाकीच्या ओळींत फिरायचं. हा पहिला किल्ला सर झाला की पुढचं भराभर सुटतं.

मग तारीख. शके १८० एवढं स्पष्ट, शेवटचा आकडा ४ की ५ कळेना. अशा वेळी संवत्सराचं नाव कामी येतं कारण दर शकाला ते ठरलेलं असतं. पण इथे गंमत बघा, घडीच्या पलीकडे नुसतं "भानु नाम संवत्सरे" दिसत होतं, आणि शके १८०४ चं संवत्सर चित्रभानु, १८०५ चं सुभानु! म्हणजे दोन्ही बसतात. मग मी जागा मोजली. आकड्याच्या आणि "भानु"च्या मधे जेमतेम एका अक्षराची जागा होती, तिथे "सु" मावतो, "चित्र" मावत नाही. म्हणून १८०५, महिना आषाढ, म्हणजे इसवी सन १८८३. तरी एवढ्यावर मी लिहून देत नाही. त्यांना म्हटलं स्टँपच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, तिथे स्टँप विकणाऱ्याचा शेरा असतो, कोणाला विकला आणि कधी. त्यात सन १८८३ नीट दिसलं. लोक मागची बाजू कधीच पाठवत नाहीत, का कोण जाणे.

रकमेचं तसंच. पहिला आकडा घडीत गेलेला, पुढे ५० दिसतंय, मग दीडशे, अडीचशे, साडेतीनशे काहीही असेल. पण जुने लोक हुशार, कोणी नंतर आकडा फिरवू नये म्हणून रकमेसोबत तिची अर्धी रक्कम पण लिहायचे, "निमे" म्हणून. इथे "निमे रुपये सवाशे" वाचता आलं. म्हणजे अडीचशे, विषय संपला.

आता एक गोष्ट मात्र मी विचारत नाही, उलट सांगू पण देत नाही, की तुम्हाला यात काय निघायला हवंय. धूसर अक्षर हे फार आज्ञाधारक असतं हो, जे मनात धरून बघाल ते दिसतं. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हापासून जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांचे फोटो येतात, आणि जातीच्या रकान्यातल्या एका काळ्या ठिपक्याला गोल करून "हे कु आहे ना?" असा मेसेज. असा गोल आला की मी त्याच पानावरच्या बाकीच्या नोंदींचा फोटो मागते, त्याच हाताने दुसरीकडे "कु" कसा काढलाय ते बघायला. एका ठिपक्यावर हो म्हणणार नाही, राग आला तरी चालेल.

वरच्या गृहस्थांनी पण शेवटी सांगितलंच, पणजोबांनी ही जमीन घेतली त्याचा हा कागद आहे म्हणून. पण खतात ज्याच्या नावापुढे "यांसी" येतं तो लिहून घेणारा, आणि "लिहून देणार" ज्याच्यापुढे येतं तो देणारा. पणजोबांचं नाव देणाऱ्याच्या जागी होतं आणि खाली सहीऐवजी निशाणी नांगराची. खत गहाणाचं, म्हणजे अडीचशे रुपयांना जमीन गहाण टाकून पैसे त्यांनीच घेतले होते. गृहस्थ म्हणाले परत एकदा नीट बघा. बघितलं, तेच.

माझ्याकडून लिप्यंतर जातं ते असं: वाचलेलं सरळ, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, आणि जिथे वाचलंच नाही तिथे कंसात रिकामी जागा, किती अक्षरांची ते लिहून. त्या फोटोत चतुःसीमेतली पूर्वेकडची बाजू अंधारात होती, ती रिकामी ठेवली. "अंदाजे टाका ना काहीतरी" म्हणाले. पण तोच कागद उद्या वकिलाकडे जाणार, आणि माझा अंदाज तिथे शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन बसणार. त्या कोपऱ्याचा फोटो दिवसा, फ्लॅश बंद करून, डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगितलंय. अजून आलेला नाही, आणि तोपर्यंत त्या कागदाला लॅमिनेशन करू नका हे पण सांगून ठेवलंय.