स्क्रीनशॉटवरून वायफाय दुरुस्ती: ९४ चं कोडं सुटलं आणि पायऱ्यांचा क्रम परत हलला

सुटलं एकदाचं! लोकमान्य नगरवाल्या काकांचं प्रकरण, जे मागच्या अपडेटमध्ये अर्धवट लटकत ठेवलं होतं, ते काल रात्री सुटलं. आणि सुटलं ते एका प्लगच्या फोटोवरून, वायफायच्या कुठल्याच सेटिंगवरून नाही, त्यामुळे आता माझा अख्खा क्रम परत मांडावा लागणार.

नवीन मंडळींसाठी एकाच ओळीत: नातेवाईक आणि ओळखीचे लोक वायफायच्या सेटिंगचा आणि स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवतात, मी त्यावरून "आधी हे करा, मग ते" अशा पायऱ्या लिहून देतो, आणि नियम एवढाच की घरी न जाता सुटलं पाहिजे. काकांनी पाठवलेल्या दोन स्क्रीनशॉटमधून कामाचं एवढंच निघालं होतं (प्लॅन २०० चा, फायबर):

```
Frequency   2.4 GHz
Link speed  72 Mbps
IP address  192.168.0.104
Gateway     192.168.0.1
Download    38.6
Upload      36.1
Ping        7 ms
```

आता काकांचं म्हणणं, "२०० चे पैसे घेतात आणि ३८ देतात, कंपनीला फोन लाव." पण इथे कंपनीचा संबंधच नव्हता. ७२ ही लिंक स्पीड म्हणजे जुनं एन वायफाय, एक स्ट्रीम, २० मेगाहर्ट्झची पट्टी, आणि खरा डेटा साधारण लिंकच्या निम्म्याच्या आसपास जातो, म्हणजे ३८ हा त्या लिंकचा बरोबर आकडा आहे. पिंग ७, म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत. त्यामुळे पहिली पायरी राउटर रीस्टार्टची नव्हती, ५ गिगाहर्ट्झवर जाण्याची होती. रीस्टार्टवर माझा राग नाही, पण लोक तो सगळ्यात आधी करतात आणि त्यात पुरावाच पुसला जातो, राउटरच्या लॉगमध्ये लाइन कधी पडली, कोण कुठल्या बँडवर होतं वगैरे सगळं साफ. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग रीस्टार्ट.

५ गिगाहर्ट्झवर जातानाच थोडी गंमत झाली. काकांच्या राउटरला दोन्ही बँडचं नाव एकच होतं, कुठल्या बँडवर बसायचं ते फोन आणि राउटर आपसात ठरवतात, आणि काका आतल्या खोलीत बसतात, जुन्या घराच्या जाड विटांच्या भिंती, त्यामुळे फोन २.४ लाच चिकटून होता. सेटिंगमध्ये जाऊन नावं वेगळी करायला सांगणं ही पाचवी-सहावी पायरी झाली असती, त्याच्याआधी फुकटातली पायरी अशी की राउटरच्या समोर पाच-सहा फुटांवर उभं राहायचं, वायफाय बंद करून चालू करायचं आणि तिथेच परत टेस्ट घ्यायची. केली. लिंक ४३३ दिसली, ५ गिगाहर्ट्झ आला, आणि डाउनलोड ९३.८, अपलोड ९३.५. काका खूश, काकूंनी तर "झालं ना, आता जेवायला या" म्हणून फोन ठेवायला लावला.

पण माझं डोकं तिथेच सटकलं. ४३३ च्या लिंकवर, राउटरसमोर उभं राहून, २०० च्या प्लॅनवर ९३? निदान १८०-१९० तरी दिसायला हवे. वर डाउनलोड आणि अपलोड दोन्ही जवळजवळ सारखेच. संध्याकाळी घ्या, पहाटे घ्या, दुसऱ्या फोनवर घ्या, ९३ नाहीतर ९४. हवेत काही गडबड असती, शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी वगैरे, तर आकडा ७० ते १५० असा नाचला असता. इतका सपाट आकडा वायफाय कधी देत नाही, हे लक्षात ठेवा, ही या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

९४ कुठून येतो ते एकदा नीट सांगतो. १०० च्या इथरनेटवर एक भरलेलं पॅकेट वायरवर १५३८ बाइटची जागा खातं, त्यात हेडर, मधली गॅप सगळं धरलेलं, आणि आपल्या कामाचे बाइट त्यात १४४८. भागाकार करा, ०.९४ येतो. म्हणजे रस्त्यात कुठेतरी १०० चा एक तुकडा आहे, मग आजूबाजूला गिगाबिटची कितीही चैन असू द्या, टेस्ट ९३-९४ लाच थांबणार.

तुकडा कुठे, हे शोधायला पहिल्याच स्क्रीनशॉटमध्ये एक ओळ होती: गेटवे `192.168.0.1`. काकांकडे फायबरचा डबा आहे त्याच्या स्टिकरवर `192.168.1.1` छापलंय. म्हणजे फोन डब्याला जोडलेलाच नाही, काकांनी नंतर घेतलेल्या वेगळ्या राउटरला जोडलाय, आणि डबा आणि राउटर यांच्यामध्ये एक वायर आहे. आता बघा, किती पर्याय झाले: कंपनीनेच १०० चा प्लॅन लावलाय, डब्याचं पोर्ट, मधली वायर, राउटरचं पोर्ट. चार संशयित. यांना एकेक करून तपासत बसलो असतो तर काका वैतागले असते, म्हणून अशी पायरी शोधली की एका फटक्यात कळेल, दोष कंपनीचा की बाकीच्या तिघांपैकी कुणाचा: फोन थेट डब्याच्या स्वतःच्या वायफायवर जोडा, त्याचा पासवर्ड स्टिकरवर असतो, आणि डब्यासमोर उभं राहून टेस्ट घ्या. काही काढायचं नाही, काही बदलायचं नाही, परत यायला दोन मिनिटं.

१८७! प्लॅन बरोबर, कंपनी बरोबर, भांडण मिटलं. राहिलं वायर आणि तिची दोन टोकं.

इथे राउटरवाल्यांबद्दल थोडं बोलून घेतो. खोक्यावर १२०० असं ढळढळीत लिहिलेलं असतं, ती दोन्ही बँडच्या वायफाय आकड्यांची बेरीज, आणि मागे बारीक अक्षरात पोर्ट १०/१०० असतं. असा राउटर घेतला तर वायफाय कितीही धावलं तरी ९४ च्या पुढे काही मिळत नाही, आणि असे भरपूर विकले जातात. मला खात्री होती की काकांचा यातलाच निघणार. पण मॉडेल नंबर मागवून बघितलं तर पोर्टं गिगाबिट. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन, म्हणजे डब्याकडची वायर लागते त्या पोर्टच्या पुढे मात्र चक्क `100Mbps Full Duplex`. ज्यांच्याकडे ओपनडब्ल्यूआरटी आहे त्यांनी पान शोधायची गरज नाही, इंटरफेसचं नाव आपलं टाकून एवढं विचारलं की १०० किंवा १००० उत्तर मिळतं:

```
cat /sys/class/net/eth0/speed
```

दोन्ही टोकं गिगाबिट असून लिंक १०० ची लागली, की वायरकडे बोट जातं. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. एखादी तार तुटलेली किंवा पिन नीट न बसलेली असली तर दोन्ही बाजू बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतात, दिवा लागलेला राहतो, नेट चालत राहतं, कुणाला काही कळत नाही. काकांना म्हटलं प्लग काढा, खिडकीपाशी धरा आणि पारदर्शक बाजूचा जवळून फोटो पाठवा. फोटो आला: नारिंगी, पांढरी-नारिंगी, हिरवी, पांढरी-हिरवी. बस्स. निळी आणि तपकिरी जोडी प्लगमध्ये पोचलेलीच नाही, कापून टाकलेली. वायर बसवणाऱ्याने चार तारांतच काम उरकलं होतं. १०० च्या जमान्यात ते चालून जायचं, एकाच केबलमधून दोन कनेक्शनही काढायचे लोक.

भाचा जेल रोडवरून कॅट ५ई ची तयार पॅच कॉर्ड घेऊन आला. दुकानदार त्याला कॅट ८ ची चपटी, चमचमती वायर गळ्यात मारत होता, "भिया, ये ले जाओ, स्पीड बढ़ जाएगी", पण घरातल्या गिगाबिटला ५ई शंभर मीटरपर्यंत पुरते, फक्त तांबं खरं असावं, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा नको. लावली, टेस्ट घेतली, १९१. काकांनी त्या स्क्रीनशॉटचा स्टेटस ठेवलाय.

आता क्रमाबद्दल. आत्तापर्यंत मी "कशामुळे असण्याची शक्यता जास्त" असं बघून पायऱ्या लावायचो. तसं करत राहिलो असतो तर प्लगचा फोटो कायम तळाशी राहिला असता, कारण वायर क्वचितच दोषी निघते. आता आधी आकडाच ओळखायचा: ३५ ते ४५ आणि लिंक ७२ असेल तर बँड, ९३-९४ आणि दोन्हीकडे सारखा असेल तर वायर किंवा पोर्ट, आणि पायऱ्या त्यानंतर. त्यातही जी पायरी काही न बदलता निम्मे संशयित काढते ती वर, जी करताना घरच्यांचं नेट जाऊ शकतं ती खाली. फॅक्टरी रीसेट तर अगदी शेवटी, कारण ज्यांच्या राउटरमध्ये कंपनीचं युजरनेम-पासवर्ड भरलेलं असतं त्यांचं ते उडतं आणि मग खरोखरच कंपनीला फोन करावा लागतो. डीएनएस बदलणं यादीतून काढूनच टाकलं, साइट उघडायला त्याने फरक पडेलही, स्पीड टेस्टचा आकडा त्याने वाढत नाही.

हे लिहिता लिहिता अजून एक सुचलं, की पहिल्या पायरीच्याही आधी स्क्रीनशॉटची वरची पट्टी वाचायला हवी. व्हीपीएनची किल्ली दिसते का, बॅटरी सेव्हर चालू आहे का, आणि टेस्टच्या निकालात कंपनीचं नाव घरच्या फायबरचं आहे की सिमकार्डचं. वायफाय हलकं पडलं की काही फोन आपले आपण मोबाइल डेटावर सरकतात आणि माणूस भलत्याच नेटची तक्रार करत बसतो. दोन्ही स्क्रीनशॉट एकाच जागी उभं राहून लागोपाठ घेतलेले हवेत हेही लिहून टाकतो, कारण दोन पावलं सरकलं तरी लिंक स्पीड बदलते. आणि वायफाय शेअर करायचा क्यूआर दिसत असेल तर तो कापून पाठवा म्हणावं, त्यात पासवर्ड असतो, काकूंनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला होता.

पुढचं प्रकरण रामबागेतल्या आत्याचं. डाउनलोड ९७, अपलोड ९८, प्लॅन १०० चा, म्हणजे आकडे झकास, आणि ९४ च्या वर आहेत म्हणजे वायरही सुटली. तरी व्हिडिओ कॉल अडकतो. मात्र पिंगच्या खाली जे छोटे दोन आकडे असतात, लोड असतानाचे, ते बघा: रिकाम्यात ८, अपलोड चालू असताना ४८०. फोटोंचा बॅकअप कॉलच्या वेळेलाच चालतोय असा संशय आहे. आधी बॅकअप थांबवून कॉल करायला सांगितलंय, फरक पडला तर राउटरमध्ये अपलोडची मर्यादा ८५-९० ला बांधून बघणार, नाही पडला तर लोडमधला पिंग फोन डब्याला जोडून परत मोजायचा.