4,12,650 रुपये कोणत्या बिलाचे?

20 मार्च 2024, बुधवार. पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात मी कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसले होते, तेही दुसऱ्याच कामासाठी. कंपनीच्या डीलरांसाठी आम्ही पोर्टल केलं होतं: चालू ऑर्डरी बघा, बिलं उतरवून घ्या, बाकी ऑनलाइन भरा. सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. त्यातल्या स्क्रीन मी आखल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा बराच अभिमान वाटत होता.

सव्वाअकराच्या सुमारास अकाउंट्सच्या काकांचा फोन वाजला. सांगली भागातले एक मोठे डीलर होते, तीन दुकानं असलेले. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, माझी चाळीस पंपांची ऑर्डर अडवलीय का तुम्ही? मार्च चाललाय, विहिरी आटायला लागल्यात, गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"शेठ, चौदा फेब्रुवारीच्या बिलाची बाकी दिसतेय."

"ते बिल मी चार तारखेलाच भरलंय!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. स्क्रीनवर त्या बिलापुढे लाल अक्षरांत 1,18,350 होते. त्या लाल रंगाची छटा मी स्वतः निवडली होती.

शेठनी दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. जुन्या कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू होती. निळ्या पेनाने वर "3/2 – 2,36,000", त्याखाली "14/2 – 1,77,000", त्याखाली "वजा टीडीएस 350", मग दोन रेघा आणि 4,12,650. त्याच्याही खाली, जरा बाजूला, "12/1 चे नाही. 3 नग परत" असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. म्हणजे फोटो.

शेठची तीन बिलं उघडी होती. 12 जानेवारीचं 1,18,000 चं, 3 फेब्रुवारीचं 2,36,000 चं आणि 14 फेब्रुवारीचं 1,77,000 चं. मुदत तीस दिवसांची. जानेवारीच्या बिलातले दहापैकी तीन पंप खराब निघाले होते. ते कंपनीच्या गोडाऊनला परतही आले होते, पण त्यांची रक्कम बिलातून वजा करणारी क्रेडिट नोट निघाली नव्हती. (गोडाऊनमधून अकाउंट्सपर्यंत कागद पोचायला या कंपनीत जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांत पंपाची मोटर पुन्हा भरून मिळाली असती.) क्रेडिट नोट येईपर्यंत ते बिल भरायचं नाही, हे शेठनी विक्रीच्या माणसाला सांगितलं होतं. त्यानेही त्या बिलाला "वादातलं" अशी खूण लावून दिली होती. अशी खूण असलेल्या बिलामुळे पुढची ऑर्डर अडत नाही. इथवर सगळं शहाण्यासारखं होतं.

उरलेल्या दोन बिलांचे पैसे त्यांनी टीडीएस कापून भरले. हा तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या कलम 194Q चा टीडीएस. आदल्या वर्षी दहा कोटींवर उलाढाल असलेल्या खरेदीदाराने एका विक्रेत्याकडून वर्षात पन्नास लाखांच्या वर माल घेतला, तर वरच्या रकमेवर 0.1 टक्का कापायचा, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर तो सोडून. शेठ पन्नास लाखांच्या पुढे केव्हाच गेले होते. दोन बिलांची जीएसटीविना रक्कम दोन लाख आणि दीड लाख, म्हणून 200 आणि 150. एक पैसा इकडचा तिकडे नव्हता.

आता आमच्या पोर्टलने काय केलं ते बघा. माझ्या स्क्रीनवर वर मोठ्या अक्षरांत एकूण बाकी, खाली रक्कम लिहायचा एक चौकोन आणि "भरा" हे बटण. रक्कम बदलता यावी म्हणून मी मीटिंगमध्ये भांडले होते आणि ते भांडण जिंकल्याचा आनंदही झाला होता. शेठनी 4,12,650 लिहिले आणि नेटबँकिंगने भरले. मग पोर्टलने ती रक्कम सर्वात जुन्या बिलापासून लावत नेली. जानेवारीचं बिल पूर्ण मिटलं. 3 फेब्रुवारीचं पूर्ण मिटलं. उरले 58,650, ते 14 फेब्रुवारीच्या बिलाला लागले. त्यावर बाकी 1,18,350.

एकूण बाकी दोन्हीकडे तीच येते, म्हणून रोजच्या ताळमेळात कुणाला काही खटकलं नाही. पण "वादातलं" ही खूण होती जानेवारीच्या बिलावर. बिल मिटलं तशी खूणही गेली. परत आलेल्या तीन पंपांचं प्रकरण यादीतून खाली घसरलं, कारण मिटलेल्या बिलावरची तक्रार कोण बघतो? आणि ज्या बिलाचे पैसे शेठनी मुदतीच्या आधी दिले होते, ते बिनखुणेचं, अर्धवट भरलेलं राहिलं. 15 मार्चला त्याची मुदत संपली, वरची तीन दिवसांची सूट संपली, आणि ऑर्डर आपोआप अडली. पैसे भरल्यावर शेठना जी पावती गेली, तिच्यावर फक्त एकूण रक्कम होती. ती पावतीही मीच आखलेली.

काका चिडले नाहीत. त्यांनी टॅलीत त्या पावतीची नोंद उघडली आणि मला जवळ बोलावलं. जमा रकमेपुढे टॅली विचारतं की ही कशापोटी: `Agst Ref` म्हटलं तर ठरावीक बिलापोटी, `On Account` म्हटलं तर नुसती खात्यावर. आमचं पोर्टल प्रत्येक वेळी `Agst Ref` टाकत होतं आणि बिल स्वतःच्या मनाने निवडत होतं.

"पैसे देणारा सांगेल त्या बिलाला लावायचे," काका म्हणाले. "त्याने नाही सांगितलं तर आपण ठरवायचं. दोघांनीही नाही ठरवलं तरच जुन्यापासून. 1872 पासून असंच आहे."

मला वाटलं, काकांची म्हणण्याची पद्धत. घरी येऊन शोधलं, तर भारतीय करार कायदा खरोखरच 1872 चा आहे आणि कलम 59, 60, 61 मध्ये याच क्रमाने हे लिहिलेलं आहे. आम्ही थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली होती. वर शेठना पहिल्या पायरीवर बोलायला जागाच ठेवली नव्हती.

पूर्वी चेक यायचा तेव्हा त्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली असायची. कोणती बिलं, काय कापलं, का कापलं. डीलर नुसते पैसे पाठवत नव्हता, हिशेबही पाठवत होता. मी चेक ऑनलाइन केला आणि चिठ्ठी फेकून दिली.

ही चूक एकट्या माझी नाही हे सांगायचा मोह होतो, तर सांगूनच टाकते. पहिल्या आराखड्यात मी प्रत्येक बिलापुढे टिक करायचा चौकोन ठेवला होता. टॅलीशी जोडणी करणाऱ्या सल्लागाराने, या चौकोनांमुळे काम पंधरा दिवस वाढेल, आणि जुन्यापासून लावणं हीच "जगभरची पद्धत" आहे, असं ठासून सांगितलं. कंपनीच्या विक्रीप्रमुखांना फेब्रुवारीअखेर उद्घाटन हवं होतं. मी मान डोलावली. चाचणीसाठी मी जो डीलर बनवला होता त्याची तीन बिलं होती, तिन्ही स्वच्छ, आणि तो नेहमी पूर्ण रक्कम भरायचा. असा डीलर मला अजून कुठे भेटलेला नाही.

त्या दिवशी काकांनी पावतीची नोंद हाताने बदलली, विक्रीच्या माणसाने खूण पुन्हा लावली आणि चारच्या आत ऑर्डर सुटली. पुढचे तीन आठवडे मी ती एक स्क्रीन परत आखत होते.

आता बिलं ओळीने दिसतात. टिक केली की त्या बिलापोटी किती भरताय हे लिहायचं, आणि कमी भरत असाल तर कारण निवडायचं: टीडीएस, परत माल, दरफरक, स्कीमचे येणे. "इतर" मी मुद्दाम ठेवलं नव्हतं, पण डीलरांच्या आग्रहाने ठेवावं लागलं आणि आता निम्म्या वजाती तिथेच येतात. कापलेली रक्कम पोर्टल आपल्या मनाने मिटवत नाही. ती काकांच्या यादीत जाते, आणि ते होय म्हणेपर्यंत ऑर्डर अडवण्याच्या हिशेबातून बाहेर राहते. पावतीवर आता बिलं आणि वजाती जशाच्या तशा छापल्या जातात. थोडक्यात, कॅलेंडरच्या मागचा कागद.

खरी डोकेदुखी बटण न दाबणाऱ्यांची. चार-पाच लाखांची रक्कम बरेच डीलर गेटवेतून भरत नाहीत, सरळ बँकेतून आरटीजीएस करतात. प्रत्येक डीलरला वेगळा आभासी खातेक्रमांक दिलेला असल्यामुळे पैसे कुणाचे ते लगेच कळतं. कशाचे ते कळत नाही. बँकेच्या शेऱ्यात लिहिलेला मजकूर आमच्यापर्यंत अर्धामुर्धा पोचतो. म्हणून आधी पोर्टलवर बिलं निवडून ठेवा, मग बँकेतून पाठवा, असं केलं. खातेक्रमांक आणि रक्कम रुपयापर्यंत जुळली तर जमा निवडलेल्या बिलांना लागते. नाही जुळली, किंवा निवडच केली नसेल, तर ती `On Account` मध्ये थांबते आणि डीलरला विचारणा जाते. तोवर ऑर्डर अडवताना ती रक्कम थकबाकीतून वजा धरली जाते. काकांना हे आवडत नाही. खात्यावर लोंबकळणाऱ्या रकमांची यादी वाढत जाते आणि महिनाअखेरीला तीच त्यांना निस्तरावी लागते. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण चुकीच्या बिलाला मुकाट्याने लागलेली रक्कम यादीत दिसतच नाही, एवढंच मी त्यांना म्हणू शकते.

चालू ऑर्डरींच्या पानाबद्दल मी काही लिहिलं नाही, कारण तिथे डीलर एकच गोष्ट बघतो: गाडी कधी निघणार. बिलांच्या पानावर मात्र असाच एक फटका थोडक्यात चुकला. दर वेळी बिलाची पीडीएफ नव्याने तयार करायची, असं ठरलं होतं. मग दुकानाचा पत्ता बदललेल्या डीलरला जुन्या बिलावर नवा पत्ता छापून मिळाला असता, आणि त्यावरच्या ई-इन्व्हॉइसच्या क्यूआर कोडची नोंद मात्र जुन्याच बिलाची. चाचणी करणाऱ्या मुलीने ते पकडलं. आता बिल निघतं त्या दिवशीची प्रतच साठवतो आणि तीच देतो.

राहता राहिले शेठचे 350 रुपये. त्यांनी टीडीएस कापला, पण जानेवारी ते मार्च या तिमाहीचं विवरण भरायची मुदत 31 मे. ते भरल्यावर रक्कम कंपनीच्या 26AS या आयकर खात्याच्या उताऱ्यात दिसणार, आणि तिथे दिसल्याशिवाय काका होय म्हणणार नाहीत. म्हणजे शेठच्या लेखी बिलं 4 मार्चलाच मिटली, काकांच्या लेखी जूनपर्यंत 200 आणि 150 उघडे. आधी मी ते लाल ठेवले, तर शेठचा फोन आला. हिरवे केले, तर काकांचा आला. सध्या ते राखाडी आहेत, आणि पुढे "पडताळणीत" असं लिहिलंय. शेठ विचारतात, "पडताळणी कुणाची, माझी की तुमची?"