पन्नास-हजारची गोळी

निफाडकडचे एक काका, वय ६८, सकाळी पंचवटीतल्या आमच्या मेडिकलवर मुलाला धरून आले. "रात्रीपासून गॅस झालाय, एखादी गोळी द्या." हात बेंबीच्या वर, कळ थेट पाठीत, दोन उलट्या. पुढे वाकलं की जरा बरं वाटायचं. गॅसचं दुखणं येतं-जातं. हे रात्रभर एका जागी ठाण मांडून होतं.

पिशवीत सिटाग्लिप्टिन ५० आणि मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम एकत्र असलेली मधुमेहाची गोळी, सकाळ-संध्याकाळ. तीन आठवड्यांपूर्वीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन २.१. लॅबने ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, छापलाच नव्हता. मी काढला तर ३४ च्या आसपास. सिटाग्लिप्टिनचा बहुतेक भाग न बदलता लघवीवाटे जातो, म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की दिवसाला १०० ऐवजी ५०, आणि ३० च्या खाली २५. काकांच्या पोटात रोज १०० जात होतं. मेटफॉर्मिनही २०००, जे एवढ्या ईजीएफआरला १००० च्या वर नको. जोडगोळीची गोम हीच. पन्नास-पाचशेची दिवसातून दोनदा दिली तर मेटफॉर्मिन निम्मं होतं, पण सिटाग्लिप्टिन तेवढंच राहतं. प्रिस्क्रिप्शन लिहिणारे इथेच फसतात, आणि आम्ही दुकानदार पाकीट पुढे सरकवतो.

गॅसची गोळी दिली नाही. वेदनाशामकही नाही, असल्या किडनीला डायक्लोफिनॅक म्हणजे आगीत तेल. मुलाला सांगितलं, "साखरेची ही गोळी आता देऊ नका, थेट दवाखान्यात न्या, स्वादुपिंड सुजलंय का ते कळायला रक्तातलं लायपेज तपासायला सांगा."

लायपेज वरच्या मर्यादेच्या पाचपट आलं. किडनी अधू असली की लायपेज थोडं वाढलेलं असतंच, म्हणून तिप्पट आणि सोबत असलं दुखणं, दोन्ही बघावं लागतं. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नाहीत, दारू नाही, ट्रायग्लिसराइडही फार नाही. संशय गोळीवर आला. डोस जास्त झाला म्हणूनच स्वादुपिंड सुजलं, असं मात्र मी म्हणणार नाही. योग्य डोसवरही क्वचित हे होतं. पण तो दुप्पट डोस माझ्याही काउंटरवरून तीन महिने गेला, हे डोक्यातून जात नाही.

दोन आठवड्यांनी मुलगा नवी चिठ्ठी घेऊन आला: लिनाग्लिप्टिन ५. "डॉक्टर म्हणाले, किडनीला चालते." खरं आहे. ती मुख्यतः पित्तावाटे शौचातून जाते, डोस कमी करावा लागत नाही. पण घराणं तेच! ग्लिप्टिनवर स्वादुपिंड सुजलं असेल, तर त्याच गटातली दुसरी सुरू करत नाहीत. मी फोन लावला. पलीकडे क्षणभर शांतता, मग "इन्सुलिनच चालू ठेवा."

काकांच्या फायलीवर लाल पेनाने लिहून दिलं: ग्लिप्टिन नको. खाली सिटा, विल्डा, टेनेली, लिना अशी नावंही घातली, कारण पाकिटावरच्या ब्रँडच्या नावात ग्लिप्टिन हा शब्द सहसा नसतो.