वीस मिनिटांचे तीन हजार

"भाऊ, दिवाळीच्या फोटोसाठी दिवसाला सातच कुटुंबं काहून घेता? अन् वीस मिनिटांचे तीन हजार?"

आमचे दिवाळीचे फोटो गच्चीवर होतात, तिथे सगळा खेळ उन्हाचा. सकाळी नऊनंतर ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांखाली काळी सावली पडते, माणसं डोळे बारीक करतात. दिवाळीच्या सुमारास नागपुरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. म्हणजे सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते साडेपाच. वीस मिनिटं फोटो, दहा मिनिटं पुढच्यांची बसायची तयारी. सकाळी चार कुटुंबं, संध्याकाळी तीन. आठवं घेतलं तर कुणाचा तरी फोटो अंधारात जाईल, आणि पैसे मात्र त्यानेही तेवढेच दिलेले असतील.

पैशांचं मी गेल्या वर्षी शिकलो. मेसेजमध्ये लिहिलं होतं, "फॅमिली फोटो 1,499 पासून". मानेवाड्याहून एक काका आठ जणांना घेऊन आले. 1,499 चार जणांचे आणि तीन फोटोंचे होते. वरच्या चार जणांचे अडीचशेप्रमाणे हजार, आवडलेल्या आणखी तीन फोटोंचे नऊशे. झाले 3,399. काकांनी नोटा दोनदा मोजल्या. आजी पैठणीतच बाकावर बसून बघत होत्या. काका एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तेवढेच घेऊन आलो असतो." फोटो सुंदर आले होते, पण ते घर पुन्हा आलं नाही. चूक माझी होती. तो "पासून" मी त्याच रात्री काढून टाकला.

आता मेसेज असा जातो: "3,000 रुपये. सहा जणांपर्यंत, 20 मिनिटं. एडिट केलेले दहा फोटो आणि 8 बाय 12ची एक प्रिंट. सहाच्या वर प्रत्येकी 200. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे नाहीत. बुकिंगला 1,000, ते परत मिळत नाहीत; दोन दिवस आधी कळवलं आणि जागा असली तर वेळ बदलून देऊ."

काकांचं तेच घर, आठ जण, त्यात तीन वर्षांचा नातू: 3,200. फोनवरच कळलं असतं.

एक मात्र मनापासून सांगतो. पंधरा मिनिटं उशीर झाला तर हातात पाचच उरतात, आणि मागचं कुटुंब खाली जिन्यात उभं असतं. त्यांची वेळ मी कापत नाही. साड्या घरूनच नेसून, दहा मिनिटं आधी या. घरात बाळ असेल तर संध्याकाळी चारचा स्लॉट घेऊ नका. तेव्हा ते नुकतंच झोपेतून उठून किरकिरत असतं. सकाळी साडेसातचा मागा, दूध पाजून आणा.